‘असं’च्या आधी

आईच्या भाषणातलं एक वाक्य मी अर्ध्यावर तोडलं, आणि तोडताना मला ते पूर्ण वाटलं होतं. वाक्य अकरा शब्दांचं. त्यातले पहिले पाच मी ठेवले, पुढचे सहा टाकून दिले. त्या पाच शब्दांनी आमच्या गल्लीतल्या आठ घरांमध्ये काय झालं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

आई घरी कुरडया, मूगवड्या आणि सरगुंडे करून विकते. आमचं गाव हिंगणघाट तालुक्यातलं. मार्च ते मे ऊन कडक असतं, तेव्हा घराच्या धाब्यावर, अंगणात, मागच्या काकूंच्या धाब्यावरसुद्धा आमचे कपडे अंथरलेले असतात आणि त्यांवर कुरडया. गेल्या मार्चमध्ये तालुक्याच्या गावी व्यापाऱ्यांच्या एका मंडळानं घरगुती उद्योग करणाऱ्या बायांचा सत्कार ठेवला होता. त्यात आईचं नाव आलं. फोनवरच्या माणसानं सांगितलं, शाल-श्रीफळ झालं की दोन मिनिटं बोला.

दोन मिनिटं म्हणजे किती, हे आईला आणि मलाही आधी माहीत नव्हतं. मी मोबाइलवर वेळ लावून तिला तिच्या मनानं बोलायला लावलं. चार मिनिटं वीस सेकंद झाली आणि तोवर कुरडईचा शब्दही निघाला नव्हता. ‘व्यासपीठावर उपस्थित’पासून सुरू करून ती नावं घेत होती आणि प्रत्येक नावाआधी ‘आदरणीय’ लावत होती. एवढ्यातच पस्तीस-चाळीस सेकंद जात होते. आई सावकाश बोलते. मिनिटाला साधारण ११० शब्द होतात तिचे. म्हणजे तिच्या हातात जेमतेम २२० शब्द होते. वहीच्या एका पानात मावतील एवढे.

“पाहुण्यांचं नाव नाही घेतलं तर बरं दिसन का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, सूत्रसंचालक ती नावं तुझ्याआधी तीनदा घेणार आहे. तू ‘सगळ्यांना नमस्कार’ म्हण आणि गव्हापासून सुरू कर.

तिला ते पटायला एक रात्र लागली. पण तिच्या बचतगटातल्या बायांची नावं सोडायला ती तयार नव्हती. आठ बाया, आठ नावं, प्रत्येकीचं आडनाव. त्यावर आम्ही तोडगा काढला की नावं घ्यायचीच नाहीत, बायांना उभं करायचं. ‘आमच्या गटातल्या बाया आल्या आहेत. उभ्या राहा वं बायांनो.’ सहा सेकंद. सभागृहातल्या लोकांना आठ चेहरे दिसतात, जे आठ नावांनी दिसले नसते. योजनेचं नावही असंच गेलं. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत बचतगटाच्या सभासदाला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल तेव्हा मिळू शकत होतं, हे आईला सगळ्या बायांना सांगायचं होतं. पण ते नीट सांगायचं तर अर्ज कुठे करायचा, गटामार्फत का करायचा, हेही सांगावं लागतं. दोन मिनिटांत त्याचं अर्धवट काहीतरी झालं असतं. ते तिनं कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी चार जणींना सांगितलं.

राहिला गहू. त्याबद्दल ती जे बोलली ते मी तिच्या शब्दांत देते, कारण या भाषणातला सगळ्यात चांगला तुकडा तोच निघाला:

“गहू तीन दिवस भिजत घालावा लागते. रोज पाणी बदलावं लागते. एक दिवस चुकलं की गहू आंबते, अन् आंबलेल्या गव्हाची कुरडई तळली की काळी पडते. चौथ्या दिवशी गहू वाटाचा, पिळाचा, गाळाचा. चीक रातभर बसू द्याचा. सकाळी वरचं पाणी सांडून द्याचं. मंग चीक शिजवाचा. चीक शिजला का नाही, ते घड्याळ सांगत नाही. बोट ओलं करा, चिकाले लावा. चीक बोटाले चिकटला तर कच्चा हाय. कच्च्या चिकाची कुरडई वाळली की मोडते.”

हे सांगताना तिला कागदाची गरज लागली नाही. नंतर तुकडे करायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा भाग कुठूनही कापा, बिघडत नाही. ‘चीक शिजला का नाही’पासून सुरू करा, ‘मोडते’ला थांबवा, पंधरा-सोळा सेकंदांचा अख्खा तुकडा हाती येतो. कारण प्रत्येक वाक्यात ज्याची गोष्ट चालली आहे त्याचं नाव आहे. ‘तो शिजला का’ असं ती म्हणाली नाही, ‘चीक शिजला का’ म्हणाली. स्वयंपाकघरात शिकवताना ती असंच बोलते, कारण समोरची पोरगी कधी भांडं आणायला उठलेली असते, कधी दारात कोणी हाक मारतं. परत आली की तिला मधूनच धागा पकडता यायला हवा. मोबाइलवर बोटानं व्हिडिओ सरकवणारा माणूसही असाच मधून येतो.

व्हिडिओबद्दल आधीच विचार केला होता असं नाही, पण आवाजाचा केला होता. असे कार्यक्रम मी पाहिले आहेत. चौथ्या रांगेतून कोणीतरी मोबाइल धरतं आणि त्यात बोलणाऱ्यापेक्षा शेजारच्याच्या टाळ्या मोठ्या येतात. म्हणून माझा मोबाइल विमान मोडवर टाकून, ध्वनिमुद्रण चालू करून, मी बोलायच्या जागेवर माइकच्या बुडाशी ठेवला. विमान मोड यासाठी की मध्येच फोन आला तर मुद्रण तुटतं. चित्र मंडळाच्या फोटोग्राफरनं घेतलं, तिवईवर कॅमेरा आडवा लावून. तो भला माणूस होता, त्यानं कार्यक्रम संपताच मला ती फाइल दिली. आवाज वेगळा, चित्र वेगळं. घरी गेल्यावर दोन्हींतली टाळी जुळवायची, म्हणजे ओठ आणि शब्द एका जागी येतात. एवढंच करायचं होतं. मी ते केलं नाही.

कार्यक्रम संपला तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसऱ्या दिवशी नागपूरला कामावर जायचं म्हणून मी तिथूनच एसटी पकडली. सभागृहातली हवा अंगात होती. आईसाठी इतके लोक टाळ्या वाजवताना मी पहिल्यांदा पाहत होते. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली आणि मी फाइल उघडली. सकाळपर्यंत थांबवेना.

आडव्या चित्रातून मोबाइलचं उभं चित्र काढायचं तर रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. उरलेलं दोन्ही बाजूंनी जातं. माणूस डावी-उजवीकडे झुकला की चौकटीतून निसटतो, मग चौकट त्याच्यामागे सरकवावी लागते. आई एकदाच झुकली होती, डावीकडे, आणि तिथे मला चौकट सरकवत बसायचा कंटाळा आला. आवाजाची रेघ पाहिली तर तिथेच ती सपाट झाली होती. आई थांबली होती. थांबण्यानंतर टाळ्यांचा आणि हसण्याचा उंच डोंगर. त्या डोंगराखाली आई काहीतरी बोलत होती, पण या आवाजात ते ऐकू येत नव्हतं. जिथे रेघ सपाट तिथे कापायचं, हे मी शिकले होते. तिथे कापलं.

तुकडा असा झाला: “माझ्याजवळ पैसे नव्हते. बँकेत गेली, परत आली. बचतगटाच्या पैशानं काही होत नाही.” आणि टाळ्या.

वर मी ठळक अक्षरांत लिहिलं, ‘एकटीनं उभं केलं’.

हे लिहिताना मला वाईट काही दिसलं नाही, हेच मला आज सगळ्यात जास्त टोचतं. मला माझी आई एकटी लढलेली हवी होती. व्हिडिओत तसंच शोभतं, सगळ्यांच्या आया तशाच असतात. बुटीबोरीच्या आसपास रेंज चांगली आली, तेव्हा मी तो तुकडा स्टेटसला ठेवला आणि गावातल्या दोन ग्रुपवर टाकला.

आईनं प्रत्यक्षात म्हटलेलं वाक्य होतं, “बचतगटाच्या पैशानं काही होत नाही, असं मी पहिल्या वर्षी म्हणत होती.” आणि पुढचं, “त्याच गटानं शेकडा दोननं १५,००० दिले अन् ग्राइंडर आलं. मंग मी तसं म्हणणं सोडलं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. ती रागावते तेव्हा आवाज चढवत नाही, हळू करते.

“काय टाकलं वं तू?”

“कुठे?”

“मागच्या काकू सकाळपासून बोलून नाही राहिल्या माझ्याशी. आज चीक काढाचा होता, कोणीच नाही आलं. मी एकटीच बसली आहो.”

मागच्या काकू गटाच्या कोषाध्यक्ष. दर महिन्याला पैसे मोजणं, वहीत लिहिणं, बँकेत भरणं, सगळं त्यांच्याकडे. आईला ते १५,००० द्यायचे की नाही यावर गटात वाद झाला होता, तेव्हा ‘मी जामीन आहो तिची’ असं त्या म्हणाल्या होत्या. हे मला माहीत होतं. आईनंच मला सांगितलं होतं. त्यांच्याच धाब्यावर आमच्या कुरडया वाळतात.

मी तुकडा काढून टाकला. पण काढला तो माझ्याकडून. ग्रुपवरून तो कोणीकोणी उतरवून घेतला होता आणि आपापल्या स्टेटसला लावला होता, कौतुकानंच. सूनबाईचं, मामीचं, आमच्या गावच्या बाईचं कौतुक म्हणून. त्यांना फोन करून काढायला लावावं तर काय सांगणार? त्या पाच शब्दांत खोटं काहीच नव्हतं, आवाज आईचाच होता. कोणी काही घातलेलं नव्हतं.

त्या रात्री मी माइकजवळच्या मोबाइलचं मुद्रण पहिल्यांदा ऐकलं. टाळ्या लांब, आई जवळ. ‘काही होत नाही’नंतर दीड सेकंद शांतता आणि मग, स्पष्ट, ‘असं मी पहिल्या वर्षी म्हणत होती.’ ते ‘असं’ ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

मग मी वाक्य वहीत लिहून त्याच्याकडे पाहत बसले. आपल्या भाषेत दुसऱ्याचं म्हणणं, जुनं म्हणणं, खोडून टाकायचं म्हणणं आधी येतं, अख्खं येतं, जणू बोलणाऱ्याचंच आहे असं येतं. ते कोणाचं, कधीचं, आणि बोलणाऱ्याला मान्य आहे की नाही, हे सगळं ‘असं’च्या पलीकडे. ‘घरून विरोध होता असं काही नाही.’ ‘तोटा झालाच नाही असं मी म्हणणार नाही.’ ‘बायांना हिशोब येत नाही असं लोक म्हणत.’ आपल्या बाया सत्काराला उत्तर देताना अशी वाक्यं हमखास बोलतात. प्रत्येकाचा जीव शेपटीत आहे. आणि बोलताना आपण थांबतो नेमके शेपटीच्या आधी, कारण समोरच्याला क्षणभर ते खरं वाटू द्यायचं असतं. समोर बसलेली माणसं थांबतात. त्यांना माहीत असतं की क्रियापद अजून यायचं आहे. आवाजाची रेघ पाहून कापणाऱ्याला फक्त सपाट जागा दिसते.

म्हणून मी ते वाक्य उलटून पाहिलं. ‘मी पहिल्या वर्षी म्हणत होती की बचतगटाच्या पैशानं काही होत नाही.’ आता शेवट तोडला तर वाक्य लटकतं, ऐकणाऱ्याला कळतं की काहीतरी कापलं आहे. पण तुकडे पाडणारा पुढूनही छाटतो. पहिल्या दोन-तीन सेकंदांत जोरदार शब्द यावा म्हणून ‘मी पहिल्या वर्षी म्हणत होती की’ एवढं पुढचं उडवलं की पुन्हा तेच पाच शब्द उरतात. ‘की’नं अर्धंच राखलं जातं.

तिसऱ्यांदा मी लिहिलं, ‘बचतगटाच्या पैशानं माझं ग्राइंडर आलं. पहिल्या वर्षी माझा गटावर विश्वास नव्हता.’ हे कुठूनही कापा. पहिलं वाक्य एकटं राहिलं तर खरं आहे. दुसरं एकटं राहिलं तर आईला कमीपणा येईल थोडा, पण त्यात ‘पहिल्या वर्षी’ आणि ‘माझा’ आतच बसलेले आहेत, आणि गट खोटा पडत नाही. जे वाक्य आपल्या तोंडी एकटं शोभणार नाही, ते दुसऱ्याचं म्हणूनही अख्खं उच्चारायचं नाही, त्याचा मतलब सांगायचा. माझ्या हाती लागलं ते इतकंच. याची किंमतही आहे. ते हसू गेलं. सभागृह जे हसलं आणि टाळ्या पडल्या त्या या तिसऱ्या वाक्यावर पडल्या नसत्या. आईचं मूळ वाक्य बोलण्याच्या दृष्टीनं उत्तम होतं. ते समोरासमोर बोलण्यासाठी होतं, आणि मी त्याला त्या जागेतून उचललं.

शनिवारी गावी गेले. माझ्या मनात खुलाशाचा व्हिडिओ करायचा होता. आईला समोर बसवायचं आणि ‘माझ्या बोलण्याचा चुकीचा अर्थ घेतला’ असं म्हणायला लावायचं. आईनं साफ नाही म्हटलं. “अर्थ त्यांनी बरोबरच घेतला. जे ऐकू आलं ते ऐकलं.” तिचं बरोबर होतं. खुलाशात दोष ऐकणाऱ्यावर जातो.

मग मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. टाळी टाळीवर जुळवली. भाषण पूर्ण ठेवलं, दोन मिनिटं अकरा सेकंद, आडवंच, कारण आठ बाया उभ्या राहतात तेव्हा उभ्या चौकटीत तीनच मावतात. खाली अक्षरं स्वतः टाइप केली, आई बोलली तशीच, ‘मले’ आणि ‘चिकाले’सकट. ‘असं मी पहिल्या वर्षी म्हणत होती’ ही ओळ मी आधीच्या ओळीच्या खाली, तिच्यासोबतच पडद्यावर आणली, थांबण्याच्या आतच, म्हणजे आवाज बंद ठेवून पाहणारालाही दोन्ही एकदम दिसावं. ते ग्रुपवर टाकलं, आणि वर काही लिहिलं नाही.

पण आईला तेवढ्यावर समाधान नव्हतं. तिनं माझा मोबाइल घेतला, पदराला हात पुसला आणि मागच्या घरी निघाली. मी मागोमाग. काकू सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बसा म्हटलं, पण सूप खाली ठेवलं नाही. आई खाली बसली, मोबाइल सुपाच्या कडेला टेकवून उभा केला आणि सुरू केला.

काकू निवडत राहिल्या. गव्हाचा भाग आला, चिकाचा आला. बाया उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी नजर वर केली, स्वतःला पाहिलं, परत खाली. मग बँक. मग ते वाक्य. पडद्यावरची आई थांबली आणि डावीकडे झुकली, तिथे मी चौकट सरकवायचा कंटाळा केला होता त्याच जागी.

“इथं पाहा,” आई म्हणाली, माझ्याकडे नाही, काकूंकडे. “इथं मी काहून थांबली? तुमी डाव्या अंगाले बसल्या होत्या ना पहिल्या रांगेत. तुमच्याकडं पाहत होती मी. तुमी हसल्या, तवा पुढं बोलली.”

काकूंनी सूप खाली ठेवलं. “मागं घे वं ते,” त्या मला म्हणाल्या. “अजून एक डाव दाखव.”